नोटीस पोहोचली, पण शिक्का १३ तारखेचा आहे: आमच्या जिनिंग कंपनीच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व संचालक,
कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

सप्रेम नमस्कार.

३० सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी ११ वाजता नाशिकच्या एका हॉटेलच्या सभागृहात होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे आपले निमंत्रण १७ सप्टेंबरला आईच्या नावाने घरी आले. आई ८२ वर्षांची आहे. तिच्या नावावर आपल्या कंपनीचे दहा रुपयांचे २०० शेअर आहेत. वडील गेल्यावर ते तिच्या नावावर झाले. माझ्या स्वतःच्या नावावर दहा आहेत, तेही वडिलांनीच घेऊन दिलेले. पैशात बोलायचे तर आमच्या घराचा कंपनीत सगळा मिळून दोन हजार शंभर रुपयांचा वाटा आहे. एवढ्याशा वाट्यासाठी हा माणूस एवढे लांबलचक पत्र लिहितो, असे आपल्याला वाटेल. पण वडिलांनी ते शेअर रोख देऊन घेतले नव्हते. कापसाच्या गाड्या जिनवर रिकाम्या झाल्या, पावतीतून पैसे कापले गेले आणि त्या बदल्यात हिरव्या कागदावरचा दाखला हातात आला. तालुक्यातल्या शेकडो घरांत असेच झाले आहे. बाहेर फारसे कोणाला माहीत नसेल, पण आमच्या अंमळनेर तालुक्याला शेअरचा कागद नवा नाही. १९४५ साली इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाने सुरू झालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याची पुढे विप्रो झाली, आणि ते कागद पेटीत जपून ठेवणाऱ्यांच्या गोष्टी इथल्या प्रत्येक पारावर ऐकायला मिळतात. त्यामुळे आपल्या कंपनीचा कागदही लोकांनी जपून ठेवला. तसे भाग्य उजाडेल अशी आशा आता कोणी करत नाही, पण वर्षातून एकदा आपल्याला बोलावतात, हिशोब वाचून दाखवतात, एवढा मान त्या कागदाला होता.

मी टपाल खात्यातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. पाकीट हातात आले की आधी शिक्का पाहायचा आणि मग आतला मजकूर, ही सवय सुटत नाही. आपल्या नोटिशीवर आत तारीख ५ सप्टेंबर आहे. पाकिटावरचा शिक्का १३ सप्टेंबरचा आहे. शेजारच्या तीन घरांतली पाकिटे मागवून पाहिली, तिन्हींवर १३ चाच शिक्का आहे. पाकिटे साधी, तिकीट लावलेली. म्हणजे नोटीस कागदावर ५ तारखेला तयार झाली, आणि टपालात पडायला तिला आठ दिवस लागले.

हे आठ दिवस का महत्त्वाचे, ते सांगतो, कारण आपल्या कार्यालयातल्या गृहस्थांनी फोनवर मला "५ तारीख धरा ना, २५ दिवस होतात" असे सांगितले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०१ नुसार सर्वसाधारण सभेसाठी किमान २१ पूर्ण दिवसांची नोटीस लागते. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस मिळाली तो दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही सोडून मधले दिवस. आणि नोटीस टपालाने पाठवली तर ती पाकीट टपालात टाकल्यापासून ४८ तासांनी मिळाली असे धरतात. कागदावर कोणती तारीख टाकली याला इथे काही किंमत नाही. आता हिशोब पाहा. १३ ला टपालात टाकले, १५ ला मिळाले असे धरले. १६ ते २९ सप्टेंबर मोजले तर १४ दिवस होतात. सात कमी. ५ तारखेलाच टाकले असते तर ७ ला मिळाले असे धरून ८ ते २९ म्हणजे २२ दिवस झाले असते, आणि माझे तोंड बंद झाले असते. ३० च्या सभेसाठी नोटीस टपालात टाकायचा शेवटचा दिवस ६ सप्टेंबर होता. मुदत कमी करता येते, पण वार्षिक सभेसाठी मतदानाचा हक्क असलेल्या ९५ टक्के सभासदांची संमती लागते. ती आपण कोणाकडे मागितली, हे निदान आमच्या गावात तरी कोणाला माहीत नाही.

एखाद्या पाकिटाला गावच्या पेटीत चार दिवस जास्त लागले, किंवा एखाद्या सभासदाला चुकून नोटीस गेलीच नाही, तर तेवढ्यासाठी सभा रद्द होत नाही. कायदा तेवढी चूक पोटात घालतो. पण सगळ्यांचीच पाकिटे उशिरा टाकली गेली तर त्याला चुकून राहिले असे म्हणता येणार नाही.

आता सभेची जागा. आजवरच्या सभा जिनच्या आवारात होत. सरकीच्या ढिगाजवळ सतरंजी, समोर टेबल, माइक बिघडलेला. वडील मला लहानपणी सोबत नेत. ताळेबंद वाचताना अर्धे लोक जांभया देत, पण कापसाला भाव काय दिला हा प्रश्न निघाला की सगळे उठून बसत. यंदा सभा नाशिकला. इथून धुळ्यावरून नाशिक दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. अकरा वाजता तिथे पोहोचायचे तर पहाटे अंधारात निघावे लागेल, तेही नवरात्रात, आणि पहिल्या वेचणीच्या तोंडावर. कलम ९६ सांगते की वार्षिक सभा कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात किंवा ते कार्यालय ज्या गावात आहे त्याच गावात घ्यायची. आपल्यासारख्या, शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीला ती दुसरीकडे घेता येते, पण त्यासाठी सगळ्या सभासदांची आधीच लेखी किंवा ईमेलने संमती हवी. सगळ्यांची, म्हणजे आईचीही. आईला विचारले तर ती म्हणाली, "मी काय नासिकले जास का? मना बदलामा तू जाय."

आणि इथूनच माझी खरी तक्रार सुरू होते. उशीर आणि जागा या गोष्टी मी कदाचित पोटात घातल्या असत्या. पण आईच्या बदली मी जावे म्हणून नोटिशीतल्या प्रॉक्सीच्या सूचना आणि मतदानाची पद्धत शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा लक्षात आले की एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले आहे.

नोटिशीत लिहिले आहे की सभासदाला आपल्या बदली प्रॉक्सी नेमता येईल, आणि तो सभासद असलाच पाहिजे असे नाही. बरोबर. ही ओळ ठळकपणे छापणे आपल्यावर बंधनकारकच आहे. त्याच पानाच्या तळाशी लिहिले आहे: "सर्व ठरावांवर मतदान हात वर करून होईल." आता ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही. आणि हात वर करून मत घेतले जाते तेव्हा प्रॉक्सीला हातही वर करता येत नाही. त्याला फक्त शेअर मोजून मतपत्रिकेवर मतदान झाले, ज्याला पोल म्हणतात, तरच मत देता येते. म्हणजे आईच्या वतीने मी पहाटे निघायचे, नाशिकच्या हॉटेलात खुर्चीवर बसायचे, तोंडाला कुलूप, हात मांडीवर, आणि दुपारी परत यायचे. गणपूर्तीतसुद्धा प्रॉक्सी मोजला जात नाही. मी स्वतः सभासद असल्याने माझ्या दहा शेअरचा एक हात तेवढा वर होईल; आईच्या दोनशे शेअरचे काय?

सहकारी सोसायटीत वाढलेल्या आमच्या लोकांना हे पटकन उमगत नाही, आणि त्याचा दोष त्यांना देता येत नाही. सोसायटीत एका सभासदाला एक मत, ते स्वतः येऊन द्यायचे, प्रॉक्सी हा प्रकारच नाही. कंपनीत मत शेअरच्या मागे असते, आणि ते दुसऱ्याच्या हाती पाठवता येते. हात वर करून मत घेतले की ही दोन्ही वैशिष्ट्ये पुसली जातात: दोन हजार शेअरवाल्याचा एक हात आणि दहा शेअरवाल्याचाही एकच हात, आणि जो आला नाही त्याचा शून्य.

पण मुळात आपल्याला हात वर करून मत घेताच येत नाही. आपल्याच मागच्या वार्षिक विवरणात सभासदांची संख्या १,३४० लिहिली आहे. कलम १०८ आणि त्याखालच्या नियमानुसार ज्या कंपनीचे सभासद एक हजार किंवा त्याहून जास्त आहेत, तिला सभासदांना इलेक्ट्रॉनिक मतदानाची, म्हणजे ई-व्होटिंगची सोय द्यावीच लागते. मग ती शेअर बाजारात असो वा नसो. आईसारख्या माणसासाठी तीच सोय सगळ्यात उपयोगाची आहे. सभेआधी किमान तीन दिवस मतदान खुले राहते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होते. नोटिशीसोबत लॉगिन आणि पासवर्ड येतो, नातवाच्या मोबाइलवर प्रत्येक ठरावासमोर बाजूने किंवा विरोधात असे दाबायचे. एकदा दिलेले मत बदलता येत नाही, मत देऊन सभेला जाता येते पण तिथे पुन्हा मत देता येत नाही. कोणाला मताचा हक्क, हे ठरवायची तारीख सभेच्या आधी सात दिवसांपलीकडची नसावी. मते मोजायला कंपनीच्या नोकरीत नसलेला तपासनीस नेमावा लागतो, आणि त्याने तीन दिवसांत अहवाल द्यायचा. यातले एक अक्षरही आपल्या नोटिशीत नाही. शिवाय या मतदानाची जाहिरात सभेच्या किमान २१ दिवस आधी एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या, म्हणजे इथे मराठी, वर्तमानपत्रात द्यावी लागते. माझ्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात ती मी रोज शोधली.

कोणी म्हणेल, कागदी शेअरवाल्यांना ई-व्होटिंग कसे करता येणार, त्यांचे डीमॅट कुठे आहे? शेअर विकायचा असेल तर डीमॅट लागते. मत द्यायला लागत नाही. कागदी शेअरवाल्याच्या फोलिओ नंबरवर लॉगिन तयार होते.

मग एवढा आटापिटा कशासाठी, हे विषयपत्रिकेच्या पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर कळते. पहिले चार विषय नेहमीचे: ताळेबंद, लाभांश, निवृत्त होणाऱ्या संचालकांच्या जागी नेमणूक, लेखापरीक्षक. त्यांना कायद्यात साधे कामकाज म्हणतात आणि त्यांच्याबद्दल वेगळे काही लिहायची गरज नसते. (ताळेबंदाची प्रत मात्र नोटिशीसोबत नाही, "कार्यालयात पाहावयास मिळेल" असे लिहिले आहे. ती २१ दिवस आधी प्रत्येकाला पाठवायची असते. यावर जास्त लिहीत नाही.) पाचवा विषय एका ओळीत आहे: "कंपनीचे जिनिंग व प्रेसिंग युनिट, जमीन व यंत्रसामग्रीसह, विक्रीस मंजुरी देणे." बस. आईला ही ओळ मराठीत वाचून दाखवली, कारण नोटीस इंग्रजीत आहे. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आते जिन बी इकतस का त्या?"

साध्या कामकाजाबाहेरचा प्रत्येक विषय विशेष कामकाज असतो, आणि त्याला कलम १०२ प्रमाणे स्पष्टीकरणाचे निवेदन जोडावे लागते. विषय काय, का, आणि त्यात कोणत्या संचालकाचा, व्यवस्थापकाचा किंवा त्यांच्या नातेवाइकांचा काही हितसंबंध आहे का, हे सगळे त्यात लिहायचे. आम्हाला विचारायचे आहे ते इतकेच: कोणाला विकणार? किती रुपयांना? किंमत कोणी ठरवली? घेणारा कोणा संचालकाचा पाहुणा आहे का? यातला एकही प्रश्न मी आरोप म्हणून विचारत नाही. नसेल कोणी, तर "नाही" हा शब्द निवेदनात लिहायला एक ओळ लागते.

आपली बहुतेक सगळी मिळकत याच युनिटची आहे. गेल्या वर्षीच्या एकूण उत्पन्नाच्या २० टक्के किंवा जास्त उत्पन्न देणारा व्यवसाय जवळपास पूर्णपणे विकायचा तर कलम १८० नुसार विशेष ठराव लागतो. विशेष ठराव म्हणजे बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट. ही तिप्पट फक्त पडलेल्या मतांची असते, एकूण सभासदांची नव्हे. म्हणून नाशिकचे हॉटेल आणि हात वर करणे यांचा मेळ बसतो. हजार ते पाच हजार सभासदांच्या कंपनीत गणपूर्तीला पंधरा माणसे पुरतात. समजा नाशिकला चाळीस जण आले, तीस हात वर झाले, दहांनी विरोध केला. ठराव पास. १,३४० पैकी तिसांनी जिन विकले.

पण इथे आणखी एक अडचण आहे, आणि ती मला टपाल खात्यातल्या माणसाला विशेष जवळची वाटते. दोनशेहून जास्त सभासद असलेल्या कंपनीला असा अख्खा व्यवसाय विकण्याचा ठराव हात वर करून पास करताच येत नाही. तो टपाली मतदानानेच करावा लागतो. प्रत्येकाच्या घरी मतपत्रिका आणि टपाल खर्च भरलेले परतीचे पाकीट जायचे, आणि ३० दिवसांत उत्तर परत यायचे. २०१७ च्या दुरुस्तीने एक सवलत दिली: ज्या कंपनीला ई-व्होटिंग बंधनकारक आहे, तिने ते दिले तर हा विषय सभेतही घेता येतो. दोन्ही वाटांनी घरी बसलेल्या माणसाचे मत मोजले जाते. आपण निवडलेली तिसरी वाट कायद्यात नाही.

सहावा विषय: "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय." हे वाक्य सोसायटीच्या सभांमुळे आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसले आहे. पण कंपनीच्या सभेत नोटिशीत नसलेला विशेष विषय अध्यक्षांच्या परवानगीने आत येऊ शकत नाही. आभार मानायचे असतील तर मानावेत.

प्रॉक्सीच्या फॉर्मबद्दल दोन गोष्टी राहिल्या. आईला आलेल्या फॉर्ममध्ये प्रॉक्सीच्या नावाची जागा रिकामी नाही. तिथे आपल्या एका व्यवस्थापकांचे नाव आधीच छापलेले आहे, आणि एक रुपयाचे तिकीट लावायच्या जागेखाली फक्त सही करायची रेघ सोडली आहे. आमच्या गल्लीतल्या दोन विधवा बहिणींनी ती सही केलीही. त्यांना वाटले, ही पोचपावती आहे. कंपनीच्या खर्चाने अशी ठरावीक माणसाच्या नावाने प्रॉक्सी मागवणे कलम १०५ मध्ये दंडनीय आहे. सभासदाने लेखी मागितल्यावर इच्छुकांची यादी किंवा फॉर्म देता येतो, आणि तो मागणाऱ्या सगळ्यांना मिळायला हवा. आम्ही मागितला नव्हता. शिवाय एका माणसाला पन्नासहून जास्त सभासदांचा प्रॉक्सी होता येत नाही, आणि त्या सगळ्यांचे मिळून मताधिकाराच्या भांडवलाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त शेअर चालत नाहीत. त्यामुळे छापलेल्या एका नावावर आपल्याला कितीही फॉर्म मिळाले तरी पन्नासच्या पुढचे कामाचे नाहीत.

दुसरी गोष्ट, फॉर्म सात दिवस आधी नाशिकच्या पत्त्यावर पोहोचला पाहिजे, असे लिहिले आहे. १७ ला हातात आलेला कागद २३ च्या आत भरून नाशिकला. ४८ तासांपेक्षा जास्त मुदत मागणारी अट कायद्यात ४८ तासच धरली जाते. म्हणजे ३० ला सकाळी ११ ची सभा असेल तर २८ ला सकाळी ११ पर्यंत फॉर्म घ्यावाच लागेल. २८ ला रविवार आहे. कार्यालय उघडे ठेवावे लागेल, एवढेच.

गावातल्या लोकांनी मला विचारले, सभा तशीच घेतली तर आपण काय करू शकतो? त्यांना सांगितले ते आपल्यालाही सांगतो, कारण लपवण्यासारखे त्यात काही नाही. हात वर करून निकाल जाहीर होण्याआधी किंवा होताना पोल मागता येतो. त्यासाठी हजर असलेल्यांकडे, स्वतः किंवा प्रॉक्सीने, एकूण मतांचा दहावा हिस्सा किंवा भरणा झालेले पाच लाख रुपयांचे शेअर लागतात. आईसारखे २०० शेअरवाले, म्हणजे दोन हजार रुपयेवाले, किती लागतील? अडीचशे. अडीचशे माणसे नाशिकला नेणे अवघड आहे. पण एका प्रॉक्सीला पन्नास जणांचे मत नेता येते. पाच माणसे, प्रत्येकाकडे पन्नास फॉर्म. पन्नास जणांचे मिळून एक लाखाचे शेअर, आपल्या साठ लाखांच्या भांडवलाच्या १० टक्क्यांपेक्षा बरेच कमी, म्हणून तीही मर्यादा पाळली जाते. पाच माणसे एका जीपमध्ये बसतात. आज संध्याकाळपर्यंत ११२ फॉर्म सह्या होऊन आले आहेत. पण ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण नोटीसच सदोष असेल तर पोल जिंकूनही पुढे वादच.

प्रॉक्सीने मत देता येते, प्रश्न विचारता येत नाही, याची मला सगळ्यात जास्त खंत आहे. १९६६ साली वडील वारल्यावर २१ वर्षांचे अझीम प्रेमजी कारखान्याचे प्रमुख झाले, तेव्हा सभेत एक भागधारक उठून म्हणाला होता की तुमच्याच्याने हे होणार नाही, विकून टाका. प्रेमजींनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला. सल्ला चुकला, ते सोडा. पण तो माणूस सभेत हजर होता, उभा राहिला आणि तोंडावर बोलला. आमच्या सभेत जिन विकू नका म्हणणाऱ्याला उभे राहायला जागा तरी हवी.

म्हणून मागण्या साध्या आहेत.

१३ तारखेची नोटीस मागे घ्यावी आणि तसे प्रत्येक सभासदाला कळवावे. ३० सप्टेंबरची मुदत हुकेल म्हणून घाबरू नये. खास कारण दाखवून कंपनी निबंधकांकडे तीन महिन्यांपर्यंत मुदतवाढ मागता येते. पण तो अर्ज ३० च्या आत जायला हवा, आणि कारण खरे लिहावे.

नवी सभा इथेच, जिनच्या आवारात किंवा गावात घ्यावी. उदाहरण म्हणून २९ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ११ धरतो. २१ पूर्ण दिवस भरायला नोटीस ५ नोव्हेंबरला टपालात पडली पाहिजे. पण त्या दिवशी गुरुनानक जयंती, टपाल कार्यालये बंद, म्हणून ४ नोव्हेंबर. रजिस्टर्ड पत्राची सेवा स्पीड पोस्टात सामावली जात आहे, तेव्हा स्पीड पोस्टने पाठवा, म्हणजे तारखेवरून आपल्यात पुन्हा वाद होणार नाही. मताधिकार ठरवण्याची तारीख २२ नोव्हेंबर, ई-व्होटिंग २५ ला सकाळी ९ पासून २८ ला संध्याकाळी ५ पर्यंत, प्रॉक्सी २७ ला सकाळी ११ पर्यंत स्थानिक कार्यालयात. सभेत आलेल्यांपैकी ज्यांनी आधी मत दिले नाही त्यांच्यासाठी तिथेही मतदानाची सोय असावी. प्रॉक्सीचा फॉर्म कोरा असावा.

पाचव्या विषयाला पूर्ण निवेदन जोडावे: घेणारा, किंमत, मूल्यांकन कोणाचे, संचालकांचा हितसंबंध. सहावा विषय काढून टाकावा. ताळेबंद नोटिशीसोबत यावा.

एक मागणी कायद्यात नाही, ती विनंती समजा: नोटीस मराठीतही असू द्या. एका पानाचा तर प्रश्न आहे.

आधीच सही केलेले छापील नावाचे फॉर्म वापरू नयेत. त्या दोन बहिणींच्या सह्या परत द्याव्यात, त्यांना मी वेगळे लेखी पत्र लिहून दिले आहे.

हे पत्र आज, १९ सप्टेंबरला, स्पीड पोस्टनेही पाठवत आहे. उत्तर २४ तारखेपर्यंत यावे. न आल्यास, आणि सभा ३० लाच घेण्याचा आग्रह राहिल्यास, सभासद म्हणून मला कलम १०५ प्रमाणे आपल्याकडे जमा झालेले सगळे प्रॉक्सी फॉर्म तपासायचा हक्क आहे. त्यासाठी तीन दिवस आधी लेखी कळवावे लागते. हे पत्र म्हणजेच ते कळवणे समजावे. सभेच्या २४ तास आधीपासून ही तपासणी करता येते. २९ तारखेला सोमवारी सकाळी ११ वाजता मी येईन. फॉर्म नाशिकच्या पत्त्यावर ठेवलेत की इथल्या कार्यालयात, तेवढे आधी कळवा.

आपला,
फोलिओधारक आणि एका फोलिओधारकाचा मुलगा
(निवृत्त सब-पोस्टमास्तर), तालुका अंमळनेर, जिल्हा जळगाव